ज्याच्याशी भांडावं तो आपला

माझी आजी आम्हा नातवंडांना हाक मारायची ती ‘मेल्या’ म्हणून. उन्हातून खेळून आलो की, ‘मेल्या, पाय धू आधी.’ ताटात भाजी टाकली की, ‘मुडद्या, अन्नाला नावं ठेवतोस?’ शब्दाचा अर्थ धरून बसलं तर ती दिवसातून दहा वेळा आम्हाला मारून टाकत होती. पण घरात कुणाला ताप आला की रात्रभर उशाशी बसायची तीच. आणि ज्या भाऊबंदांशी तिचं खरोखर वैर होतं, त्यांच्याशी ती फार मर्यादेनं बोलायची. ‘या, बसा, चहा घेणार का?’ एवढंच. त्यांच्या वाट्याला तिची एकही शिवी आली नाही.

पुढे जनाबाईचे अभंग वाचताना एका अभंगापाशी थबकलो आणि आजीचा आवाज आठवला. चार छोट्या कडव्यांचा हा अभंग आहे. त्यात जनी विठ्ठलाला शिव्या देते. ‘देवा, तू निष्ठुर आहेस’ अशी ती सौम्य तक्रार नव्हे. ती त्याला एकेरी, तोडून टाकलेल्या नावानं हाक मारते, कार्टं म्हणते, त्याच्या बायकोचं कुंकू पुसलं गेलं म्हणते, त्याचं मढं गेलं म्हणते. आणि असं बोलणारी कोण, तेही शेवटी लपवत नाही.

हा अभंग कीर्तनात सहसा निवडला जात नाही. शाळेच्या पुस्तकात येण्याची शक्यता तर त्याहून कमी. वाचणारा पहिल्यांदा दचकतो, मग कुणीतरी त्याला सांगतं की याचा अर्थ आध्यात्मिक आहे, आणि तो सुटकेचा श्वास टाकतो. मला वाटतं, ही सुटका फार लवकर होते. या शिव्या शिव्या म्हणूनच आधी ऐकायला हव्यात. त्या कळल्या की भक्तीत तक्रारीची जागा कोणती, हेही कळतं.

नामदेवाच्या घरची दासी

जनाबाई मूळची गंगाखेडची. लहानपणीच पंढरपुरात दामाशेटी शिंप्याच्या घरी कामाला आली आणि तिथेच राहिली. दामाशेटींचा मुलगा म्हणजे संत नामदेव. परंपरा सांगते की १३५० साली नामदेवानं समाधी घेतली, त्याच वेळी जनीही गेली. साडेतीनशेच्या आसपास अभंग तिच्या नावावर आहेत. ते तिनं लिहून ठेवलेले नाहीत. ते तोंडोतोंडी फिरले, पुढच्या लोकांनी वह्यांत उतरवले, मग गाथांमध्ये छापले. त्यामुळे पाठभेद आहेत, आणि जनी नावानं रचणाऱ्या एकाहून अधिक बायका असाव्यात असंही अभ्यासक मानतात. इथे जनी म्हणतो ती या अभंगांतून बोलणारी बाई.

ही बाई स्वतःची ओळख ‘नामयाची दासी’ अशी सांगते. नामदेव देवाचा दास, आणि ती दासाची दासी. दळण, कांडण, झाडलोट, शेण गोळा करणं, धुणं, पाणी भरणं ही तिची कामं. आणि तिचे सर्वांत लोभस अभंग या कामांतलेच आहेत. ती झाडते, देव केर भरतो. ती दळायला बसते, देव जात्याच्या खुंट्याला हात लावतो. ती शेण वेचायला जाते, तो मागोमाग येतो. तो तिला न्हाऊ घालतो, केसांतल्या उवा काढतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला गेलात तर जनीचं म्हणून जातं दाखवतात. वारकरी बायका त्याला हात लावल्याशिवाय पुढे जात नाहीत.

शिव्यांचा अभंग वाचण्याआधी हे कामाचे अभंग वाचायला हवेत, कारण शिवी देण्याचा हक्क तिथे तयार होतो. ज्यानं आपला केर उचलला, ज्याच्यासमोर आपण केस मोकळे सोडून बसलो, त्याच्याशी आपण राजाशी बोलावं तसं कसं बोलणार?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. विठ्ठलाशी भांडणं हा त्या घरचा शिरस्ता होता. नामदेवांच्या गाथेत त्यांची आई गोणाई विठ्ठलाशी वाद घालते, माझ्या मुलाला तू नादी लावलंस, आता परत दे, म्हणून. नामदेवांची बायको राजाई आपलं गाऱ्हाणं घेऊन रखुमाईकडे जाते. नवरा देवळात आणि घरात दाणा नाही, तुझ्या नवऱ्याला जरा सांग, अशा सुरात. बाई बाईशी बोलते तसं हे बोलणं आहे. म्हणजे जनी ज्या घरात राबत होती, तिथे विठ्ठल हा देवघरातला देव तर होताच, पण ज्याच्यामुळे संसाराची घडी विस्कटली तो शेजारीही होता.

एका हाकेचं वजन

आता अभंगाकडे येऊ. ओळी न देता त्याची चाल सांगतो. मूळ अभंग सकल संतगाथेत जनाबाईच्या भागात सापडेल.

पहिल्या कडव्यात जनी देवाला दोनदा हाक मारते, आणि हाक आहे ‘विठ्या’. मराठीत देवाला ‘तू’ म्हणण्यात काही विशेष नाही. गणपतीला, खंडोबाला, अंबाबाईला आपण सगळे अरे-तुरेच करतो. म्हणून नुसत्या एकेरीवरून जवळीक सिद्ध होत नाही. पण नावाला ‘-या’ लावणं ही वेगळी गोष्ट आहे. रामाचा राम्या, सखारामाचा सख्या, गणपतचा गण्या. हे नाव दोघंच घेऊ शकतात. ज्यानं आपल्याला लहानाचं मोठं केलं किंवा आपल्याबरोबर मातीत लोळला तो, नाहीतर जो आपल्याला किंमत देत नाही तो. मालक गड्याला ‘गण्या’ म्हणतो, आणि आईही मुलाला ‘गण्या’ म्हणते. शब्द एकच, पण एकात तुच्छता असते आणि दुसऱ्यात हक्क.

आता जनीची जागा आठवा. त्या काळच्या उतरंडीत ती अगदी तळाला. बाई, घरची दासी, आईबापांविना वाढलेली. वरून खाली येणाऱ्या हाका तिनं जन्मभर ऐकल्या असणार. तिनं खालून वर अशी हाक कुणाला मारावी? घरधन्याला नाही, गोणाईला नाही, राजाईला नाही. गावात एकही माणूस असा नव्हता ज्याला ती ‘अरे अमक्या’ म्हणू शकेल. असा एकच होता, आणि तो विटेवर उभा होता. ‘विठ्या’ या हाकेत मला आधी हे ऐकू येतं. सगळ्या जगाचा धनी हा तिच्या आयुष्यातला एकमेव बरोबरीचा माणूस आहे.

त्या हाकेनंतर ती त्याला कार्टं म्हणते, पण कुणाचं? मूळमायेचं. वेदान्तात मूळमाया म्हणजे निर्गुण ब्रह्मात उठलेलं पहिलं स्फुरण, जिच्यापासून नामरूपाचं सगळं जग झालं. हात कमरेवर ठेवून उभा असलेला सगुण विठ्ठलही याच अर्थानं तिचं लेकरू. शिवी देताना आपण आईबापांचा उद्धार करतो, तसा जनीनंही केला. पण देवाच्या आईचा शोध घेतला तर तो मूळमायेपर्यंत पोचतो, हे तिला पक्कं ठाऊक आहे. अंगणात भांडणाऱ्या बाईच्या तोंडी एकदम ब्रह्मविद्येतला शब्द येतो, आणि तो तिथे ‘मेल्या’ इतक्या सहजपणे बसतो.

शाप जो स्वतःला पुसतो

दुसरं कडवं सर्वांत कडक आहे. पहिल्या अर्ध्यात जनी म्हणते की तुझी बायको विधवा झाली. त्या काळी बाईनं बाईला याहून वाईट काही बोलता येत नव्हतं. गावच्या पाणवठ्यावरच्या भांडणात हा शब्द गेला तर दोन घरं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या दारात जात नसत.

आणि लगेच दुसऱ्या अर्ध्यात ती म्हणते की त्या बाईनं जन्मसावित्रीचा चुडा भरला आहे. सवाष्ण बाई पाया पडली की थोरल्या बायका ‘जन्मसावित्री हो’ असा आशीर्वाद देत. म्हणजे तुझं सौभाग्य कधी न जावो. पहिल्या अर्ध्यात बांगड्या फुटल्या, दुसऱ्यात कधीच न फुटणारा चुडा हातात आला. शाप आणि आशीर्वाद एकाच श्वासात, एकाच यमकात.

तिसऱ्या कडव्यातही तेच. तुझं मढं गेलं, असं आधी म्हटलं. मग काय? तुला बघून काळच रडतो. माणूस मेला की माणसं रडतात आणि काळ आपलं काम करून निघून जातो. इथे रडण्याची पाळी काळावर आली, कारण ज्याला न्यायचं त्याला देहच उरला नाही. काळाच्या हाती लागण्यासारखं काही शिल्लक नाही.

माझ्या मते हा अभंग कळण्याची किल्ली इथे आहे. खरा शाप असा नसतो. ज्याला कुणाचं वाईट व्हावंसं वाटतं, तो शाप देऊन थांबतो. उलट ते वाक्य खाली पडू नये म्हणून आणखी दोन शब्द जोडतो. जनीचा शाप कडव्याच्या पहिल्या अर्ध्यात निघतो आणि दुसऱ्या अर्ध्यात स्वतःलाच पुसून टाकतो. आजी ‘मेल्या’ म्हणायची आणि पुढच्याच शब्दाला ‘जेवून घे’ म्हणायची, तीच ही रीत. मेलेल्याला कुणी जेवायला वाढत नाही.

चौथ्या कडव्यात जनी आपली जागा सांगते. ती अंगणात उभी आहे. देवळात नाही, घरातही नाही. अंगण म्हणजे घरच्या राबणुकीची जागा, झाडायची, सारवायची, धान्य वाळत घालायची. आणि अंगणातलं बोलणं शेजारणींना ऐकू जातं. जनी लपून कुजबुजत नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा ठिकाणी उभी राहून बोलते. अभंगाच्या शेवटी रचणाऱ्याचं नाव येतं, त्याला नाममुद्रा म्हणतात. एरवी तिथे ‘म्हणे जनी’ असतं. इथे जनी ‘म्हणत’ नाही, शिव्या देते, आणि तसं स्वतःच सांगते. निनावी शिवी देणारा पळून जाणार असतो. ही नाव सांगून उभी आहे.

रचनेकडेही क्षणभर पाहा. अभंगाचे मुख्य दोन प्रकार. मोठ्या अभंगात चार चरण, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. लहान अभंगात दोनच चरण, साधारण आठ-आठ अक्षरांचे, शेवटी यमक. हा अभंग लहान प्रकारातला. पण नेहमीच्या छापील पाठातली अक्षरं मोजली तर पहिलं कडवं आठ-आठ, दुसरं नऊ-नऊ, तिसऱ्यात मढ्याचा चरण एकदम सहावर येतो, आणि शेवटी पुन्हा आठ-आठ. सौभाग्याच्या कडव्यात शब्द मावत नाहीत, मढ्यापाशी आवाज तुटतो, आणि नाव सांगताना ती पुन्हा सावरते. हे ठरवून केलं असेल असं मी म्हणणार नाही, पण मोठ्यानं म्हणून पाहिलं की हा चढउतार जिभेला लागतो. भांडणारा माणूस असाच बोलतो.

‘खरा अर्थ’ सांगण्याची घाई

आता त्या सुटकेच्या श्वासाकडे येतो. या अभंगाचा अर्थ सांगताना साधारण असं सांगितलं जातं की यातल्या शिव्या नावापुरत्या आहेत. विठ्ठल हा मूळमायेपासून झालेलं सगुण रूप आहे, देह गेल्यावर निर्गुण उरतं, म्हणून मढं. आणि शक्ती नित्य असल्यामुळे तिचा चुडा अखंड. हे सांगणं चूक नाही. वर मीही त्याचाच आधार घेतला. चूक होते ती ‘म्हणजे या शिव्या नाहीतच’ असं म्हणताना.

आपल्या अलंकारशास्त्रात व्याजस्तुती नावाचा अलंकार आहे. वरून निंदा, आतून स्तुती. हा अलंकार कोड्यासारखा चालतो. अर्थ उलगडला की निंदा उरत नाही, नुसती स्तुती राहते, आणि ऐकणारा कवीच्या चतुराईला दाद देतो. दरबारात राजासमोर म्हणायला हा प्रकार सोयीचा, कारण धाडस दिसतं आणि धोका काही नसतो.

जनीचा अभंग या कसोटीला लावून पाहा. वेदान्ताचा अर्थ पूर्ण उलगडला, तरी ‘विठ्या’ तसाच राहतो. ‘कार्टं’ तसंच राहतं. विधवा या शब्दाची धार कमी होत नाही. व्याजस्तुतीत अर्थ कळला की शिवी विरते, आणि इथे अर्थ कळल्यावरही शिवी जागेवर असते. कारण जनीला चतुराई दाखवायची नाही. तिचा राग खरा आहे आणि तिचं ज्ञानही खरं आहे. ती दोन्ही एका तोंडानं बोलते, कारण तिला तोंड एकच आहे.

नाम्याचा रुसवा, तुक्याचं धरणं

तक्रार जवळीकीतून आली की दुराव्यातून, हे ओळखायचं कसं? जनीच्या या अभंगात शिव्या आहेत, पण कशाबद्दल रागावली ते ती सांगतच नाही. नामदेव आणि तुकाराम कारणं सांगतात, म्हणून त्यांच्याकडे थोडं पाहावं लागतं.

नामदेव लहान मुलासारखे रुसतात. लहानपणी देव नैवेद्य खाईना म्हणून डोकं आपटून घ्यायला निघालेला मुलगा, ही त्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या नावावरच्या एका प्रसिद्ध अभंगात ते देवाच्या दारात उभे राहून म्हणतात की, तू पतितांना पावन करतोस असं ऐकून आलो होतो, पण तसं काही दिसत नाही, तेव्हा मी परत जातो. शिवाय तू आधी घेतोस आणि मग देतोस, हे कसलं औदार्य? इथे तक्रारीचा आधार देवाचंच ब्रीद आहे. तू हे म्हणाला होतास ना? मग कर. परक्यावर आपण बाहेरचा नियम लावतो. आपल्या माणसाला त्यानंच दिलेला शब्द आठवून देतो. आणि ‘मी जातो’ हे वाक्यही दारात उभं राहून म्हटलेलं आहे. ज्याला खरोखर जायचं तो सांगून जात नाही.

तुकारामांच्या घरी वाण्याचा धंदा आणि सावकारी होती. म्हणून त्यांचं भांडण येणं-देण्याच्या भाषेत चालतं. देव त्यांच्याकडे ऋणको म्हणून येतो. त्यांची गाथा इंद्रायणीत बुडवायला लावली, तेव्हा ते तेरा दिवस अन्नपाण्यावाचून देवाच्या दारात बसून राहिले, असं परंपरा सांगते. हे धरणं होतं. जुन्या काळी कर्ज बुडवणाऱ्याच्या दारात सावकार उपाशी बसून राही, आणि तो बसला आहे तोवर घरातल्यालाही घास गोड लागत नसे. तुकोबांनी ही वसुलीची रीत देवावर चालवली. त्यांच्या एका अभंगात तर ते सरळ म्हणतात की माझ्यापुरता देव मेला, आता त्याचं नाव कशाला घेऊ. पण वह्या वर आल्यावर त्यांनी काय केलं? ते शरमले. मी तुझा अंत पाहिला, मोठा अन्याय केला, अशी क्षमा त्यांनी मागितली. वसुली झाली की सावकार आनंदानं घरी जातो. हा सावकार ओशाळला, कारण त्याला येणं नको होतं, भेट हवी होती.

तिघांच्या भांडणात काही खुणा सारख्या आहेत. बोलणं देवाविषयी नाही, देवाशी आहे. ज्याच्याविषयी तोंडातून ‘तो’ निघू लागतं, तो माणूस आपल्यापासून दूर गेलेला असतो. भांडणारा जागा सोडत नाही, जनी अंगणात, नामा दारात, तुका नदीकाठी. आणि मागणं वस्तूचं नाही. पैसा दे, पीक दे असं त्यांतलं कुणी म्हणत नाही. ‘तू दिसत का नाहीस’ एवढ्यावर सगळं येऊन थांबतं. संतसाहित्याचे अभ्यासक याला ‘प्रेमकलह’ म्हणतात. शब्द नेमका आहे, पण तो सगळीकडे लावता येत नाही.

जिथे प्रेमकलह म्हणणं पुरत नाही

पंढरपूरच्या महाद्वाराशी नामदेवाची पायरी आहे. तिच्यासमोर, देवळाबाहेर, चोखामेळ्याची समाधी. चोखोबा महार होते. त्यांना आत जायला मनाई होती. मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळलं आणि त्याखाली ते गेले, १३३८ साली. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणल्या, आणि समाधी जिथे चोखोबांना जिवंतपणी थांबावं लागे त्याच बाजूला, दाराबाहेर झाली.

चोखोबाही देवाशी बोलतात, त्यांची बायको सोयराबाई बोलते, आणि सर्वांत तिखट बोलतो त्यांचा मुलगा कर्ममेळा. तो देवाला विचारतो की आम्हाला असा हीन जन्म दिलास, उष्टं खाण्यात आमचं आयुष्य गेलं, तुला याची लाज कशी वाटत नाही? खुणा तपासा. बोलणं देवाशीच आहे. तो जागा सोडून गेलेला नाही. ‘तुला लाज नाही का’ हे आपण घरच्याच माणसाला विचारतो. म्हणजे जवळीक इथेही आहे. पण जनीचा शाप कडव्याच्या आतच पुसला जातो, तसं कर्ममेळ्याच्या अभंगात काही पुसलं जात नाही. उष्टं हे उष्टंच राहतं. त्याच्या प्रश्नाला मूळमायेचा अर्थ लावून सोडवण्याची सोय नाही.

या अभंगाला ‘केवढा लडिवाळ हट्ट’ म्हणून मान डोलावली, की आपण कर्ममेळ्याचं दार पुन्हा एकदा बंद करतो. जवळीकीतून आलेली तक्रार म्हणजे लटकी तक्रार, असा समज इथे घातक ठरतो. जवळीक माणसाला तक्रार करण्याचा अधिकार देते. तक्रार खरी की खोटी, हे त्यावरून ठरत नाही. घरातली सून ‘तुम्ही मला कधी विचारलंच नाही’ म्हणते, तेव्हा ती घर आपलं मानते म्हणूनच बोलते. म्हणून तिचं म्हणणं लाडाचं होत नाही. उलट, आपल्या माणसानं केलेली तक्रार अधिक मनावर घ्यायला हवी.

हीच गोष्ट मग जनीच्या शिव्यांनाही लागू होते. तिच्याविषयी एक कथा सांगतात. देव तिच्या झोपडीत येऊन झोपला, पहाटे घाईत आपलं पदक तिथे विसरला आणि तिची वाकळ पांघरून देवळात गेला. पदक दासीच्या घरी सापडलं. चोरीचा आळ दासीवर आला, आणि तिला सुळावर द्यायला नेलं. शेवटी सुळाचं पाणी झालं, असं कथा सांगते. पण सुळापर्यंत चालत गेली जनी, देव नाही. देवाच्या जवळ असण्याची किंमत गरिबालाच चुकवावी लागते, हे ती कथा रचणाऱ्यांना कळलं होतं. त्या बाईनं अंगणात उभं राहून ‘विठ्या’ म्हणून शिव्या घातल्या, तर त्यात लाड आहे तसाच हिशेबही आहे.

जात्यावरच्या ओव्यांतही ही भांडणं पुढे चालू राहिली. महाराष्ट्राच्या खेड्यांतून जमवलेल्या अशा ओव्या आज लाखाहून अधिक आहेत. त्यांत रखुमाई जनीवरून विठ्ठलावर रुसते, आणि दळणारी बाई कधी या बाजूला होते, कधी त्या. या बायकांना देवाशी अदबीनं बोलायला कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्यांना ते नकोही होतं.

चोखोबांना अडवणारं ते दार सर्वांसाठी उघडलं १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. कर्ममेळ्यानं देवाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माणसांना द्यावं लागलं, आणि त्याला सहाशे वर्षं लागली.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. जनीचा हा अभंग काढा आणि मोठ्यानं वाचा, मनातल्या मनात नको. त्याआधी तिचा दळणाचा किंवा झाडलोटीचा एखादा अभंग वाचा, आणि लगेच नंतर कर्ममेळ्याचा. तिन्ही मिळून पाच मिनिटं लागतील. ‘याचा खरा अर्थ’ सांगायला कुणी पुढे आलं, तर त्यांना जरा थांबवा. आधी शिवी पूर्ण ऐकू द्या.